काळी गाडी, लाल धूळ

काळी गाडी तापते, हे तुम्हाला सांगायला मी इथे फोंड्यात उभा नाही. किती तापते, ते मात्र सांगतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०११ मध्ये एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांची, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात उभ्या करून केलेली चाचणी प्रसिद्ध केली. काळीचं छत चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापलं, पण आतल्या हवेत फरक पडला फक्त ५ ते ६ अंशांचा. कारण बरीचशी उष्णता काचांतून आत येते आणि डॅशबोर्ड तापवते, तिथे बाहेरच्या रंगाचं काही चालत नाही. चंदेरी गाडी घेऊन समोरच्या काचेला पडदा लावला नाही, तर मे महिन्यात स्टिअरिंगला हात लावताना तुम्ही दचकणारच.

माझ्या मते गोव्यात काळ्या रंगाचा खरा शत्रू ऊन नाही, धूळ आहे. उसगाव-धारबांदोड्याकडची लाल धूळ घ्या नाहीतर किनाऱ्याची वाळू, दोन्हींत कठीण कण असतात. सकाळी निघताना कोरड्या फडक्याने बॉनेट पुसलं की ते कण वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअरकोटवर, घासले जातात. पांढऱ्या गाडीवरही चरे तितकेच पडतात. फरक दिसण्याचा आहे. चऱ्याच्या कडेवरून प्रकाश विखुरतो आणि पांढुरका दिसतो. पांढऱ्यावर तो मिसळून जातो, काळ्यावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं उमटतात.

मग लोक पॉलिश करायला धावतात. क्लिअरकोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो आणि मशीनने घासून चरे काढताना त्यातलाच थोडा खरवडला जातो. दर दिवाळीला हे केलं, तर काही वर्षांत कडांवर थर पातळ होतो आणि रंग उडतो. मग तो भाग पुन्हा रंगवावा लागतो आणि इथेच विक्रीचा भाव पडतो. जुन्या गाड्यांचा जाणता व्यापारी पत्र्यावर रंगाची जाडी मोजणारं यंत्र टेकवतो. कंपनीचा रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. एकाच दारावर २५०-३०० दिसले की तो म्हणतो, 'ठोकलेली दिसते'. तुम्ही फक्त चरे घालवले होते, हे सिद्ध कसं करणार?

साधा पांढरा रंग जुळवायला सोपा, म्हणून दुरुस्ती खपून जाते. पर्ल पांढरा तसा नाही, तो थरांथरांनी मारावा लागतो आणि खर्च वाढतो. चंदेरीत धातूचे कण असतात, रंगवताना त्यांची दिशा बदलली की शेजारशेजारची दोन दारं तिरप्या उन्हात वेगळी दिसतात. शिवाय टॅक्सीत धावणाऱ्या मॉडेलची पांढरी गाडी विकायला काढलीत, तर गिऱ्हाईक आधी आरसी मागेल, पूर्वी ती भाड्याने फिरत होती का ते पाहायला.

काळीच हवी असेल तर घ्या. फक्त कोरडा फडका गाडीत ठेवू नका, आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्या, मगच ओला मायक्रोफायबर लावा.