दोन्ही पाय सुजले, पण घट्ट झाला एकच बूट

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाखातील लग्ने आणि उन्हाळी सुट्टीतील प्रवास आटोपले, की आमच्या पाऊल-तपासणीच्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारच्या जखमांची गर्दी होते. त्यांतील बहुतेक जखमा मधुमेहाच्या रुग्णांना झालेल्या असतात आणि त्या कोठे व केव्हा झाल्या, हे खुद्द रुग्णाला सांगता येत नाही. मधुमेह जुना झाला, की पावलांतील मज्जातंतू हळूहळू बधिर होतात आणि टोचणे, चावणे, पोळणे यांची खबर मेंदूपर्यंत पोहोचत नाही. त्यात दिवसभर बसमध्ये पाय खाली सोडून बसल्याने सूज येते, कारण पायातील रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि बसलेल्या माणसाच्या पोटरीला काहीच काम नसते. उन्हाळ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या फैलावलेल्या असल्यामुळे ही सूज अधिकच वाढते. म्हणजे सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी लहान होतो आणि तो लहान झाल्याचे पायाला कळत नाही. याच कारणाने अशा प्रवासात पायांत काय घालावे, याविषयी आज बोलायचे आहे.

त्यासाठी मी आपल्याला लातूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची हकिकत सांगणार आहे. त्यांना आपण गुरुजी म्हणू. गुरुजींचा मधुमेह बराच जुना, रक्तदाबाची गोळी चालू आणि भाचीचे लग्न नागपूरला, तेही ऐन मे महिन्यात. लग्नासाठी त्यांनी काळे, चकचकीत, पुढे निमुळते होत गेलेले चामडी बूट विकत घेतले. लग्नात मानाच्या माणसाने निमुळते बूट घालावेत असा नियम कोणी केला असेल तो असो; माझ्या मते निम्मी वऱ्हाडी मंडळी मंगलाष्टके होईपर्यंत केवळ पायांकडे लक्ष जाऊ नये म्हणून हसत असतात.

गुरुजी दुकानात गेले ते सकाळी दहा वाजता, म्हणजे पाऊल सर्वांत लहान असते त्या वेळी. दुकानातील मुलाने डाव्या बुटातील कागदाचा बोळा काढला, बूट पायात चढवला, गुरुजींनी उभे राहून दोन पावले टाकली आणि बूट छान बसल्याचे सांगितले. उजवा बूट खोक्यातच राहिला. तो कोणी घालून पाहिला नाही.

प्रवासाच्या दिवशी पहाटे हे बूट प्रथमच पायांत आले. नांदेड, यवतमाळ, वर्धा असा दिवसभराचा रस्ता, वर ऊन, आणि गुरुजींची जागा पुढच्या बाजूला. उजवा बूट थोडा आवळल्यासारखा दिसत होता, पण दुखत मात्र काहीच नव्हते. नांदेड मागे पडल्यावर त्यांनी बूट काढून ठेवले आणि दुपारी जेवायला उतरताना पुन्हा घालायला घेतले, तेव्हा डावा बूट थोड्या प्रयत्नाने गेला, उजवा काही केल्या जाईना. अखेर डब्यातील चमचा टाचेमागे घालून तो चढवला गेला. शेजारच्या प्रवाशाने विचारले तेव्हा गुरुजींनी दिलेले उत्तर अगदी तर्कशुद्ध होते: "पाय सुजलेत हो, म्हणून घट्ट होतंय."

श्रोतेहो, या उत्तरातच सगळी गोम आहे. सूज दोन्ही पायांना सारखीच होती. मग घट्ट एकच बूट का झाला? सूज दोन्ही पायांना आणि घट्ट बूट मात्र एकच, हे लक्षात आले असते तर हकिकत तेथेच संपली असती.

ती संपली नाही. गुरुजी त्याच बुटांत लग्नघरी उतरले, सीमांतपूजनाला उभे राहिले, रात्री उशिरापर्यंत पाहुण्यांच्या पंक्तीत हिंडले आणि त्यांना काहीही जाणवले नाही. रात्री मोजे काढले ते त्यांच्या पत्नीने, ज्यांना सगळे माई म्हणतात. माईंनी प्रवासासाठी मुद्दाम पांढरे मोजे दिले होते आणि "पांढरे मोजे शाळेतली पोरे घालतात" म्हणून गुरुजींनी सकाळी कुरकुर केली होती. त्या पांढऱ्या मोज्याच्या टोकाला, अंगठ्याच्या जागी, तांबूस तपकिरी डाग होता. काळ्या मोज्यावर तो दिसला नसता आणि दुसऱ्या दिवशी तेच मोजे, तेच बूट पुन्हा चढले असते. माईंनी लगेच बुटात हात घातला आणि आतून ओला, दाबून चपटा झालेला कागदाचा बोळा बाहेर काढला. दुकानात न काढलेला तो बोळा लातूरपासून गुरुजींच्या अंगठ्यासमोर बसून होता.

आठवड्याने ते आमच्याकडे आले, तेव्हा उजव्या अंगठ्याच्या टोकाला हरभऱ्याएवढी जखम होती. तपासणीसाठी आम्ही नायलॉनचा एक जाड दोरा वापरतो, जो 10 ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. तो दोरा अंगठ्याच्या पोटाला आणि चवड्याला वाकेपर्यंत टेकवला तरी डोळे मिटून बसलेल्या गुरुजींना स्पर्श कळला नाही. दिवसभर बोळा का जाणवला नाही, याचा उलगडा तेथे झाला. क्ष-किरण तपासणीत हाड शाबूत निघाले, ही समाधानाची बाब. त्या पायावरचा भार काढून, नियमित मलमपट्टी करून जखम भरेपर्यंत निम्मा पावसाळा उलटला.

नंतर आम्ही त्या बुटांचीही तपासणी केली, कारण सगळा दोष एकट्या बोळ्याचा नव्हता. संध्याकाळी गुरुजींना जाड कागदावर उभे केले, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, पेन्सिल उभी धरून पावलांची रेघ काढली आणि ती आकृती कापून घेतली. पाऊल टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत साडेपंचवीस सेंटिमीटर भरले. बुटाची आतील लांबी पावलापेक्षा 1 ते 2 सेंटिमीटर अधिक हवी, म्हणजे गुरुजींना साडेसव्वीस ते साडेसत्तावीस सेंटिमीटरचा बूट हवा होता. त्यांचा बूट आतून 26 भरला. शिवाय कापलेली आकृती बुटात सरकवली तेव्हा करंगळीच्या बाजूने कागद वर वळला, म्हणजे रुंदीही अपुरी. बोळा नसता तर जखम अंगठ्याऐवजी करंगळीला झाली असती, एवढाच फरक.

ही कागदाची परीक्षा घरी कोणालाही करता येते. ती संध्याकाळी करावी, दोन्ही पावलांची करावी आणि खरेदीला जाताना दोन्ही आकृत्या सोबत न्याव्यात. पुन्हा सांगतो: संध्याकाळी, आणि दोन्ही पावलांची. नवे पादत्राण प्रवासाच्या दिवशी प्रथम घालू नये. आधी काही दिवस घरात तास-दोन तास घालून, काढल्यावर पाऊल लाल झाले आहे का, हे पाहावे.

प्रवासासाठी मला सर्वांत सोयीची वाटते ती चवड्यावर, पावलाच्या वर आणि टाचेमागे असे पट्टे असलेली, चिकटपट्टीची सँडल. सूज वाढली की पट्टा सैल करता येतो, उतरली की आवळता येतो. बुटाला ही लवचीकता नसते. आतला थर मऊ रबराचा असावा. आपल्याकडे कुष्ठरोगाच्या बधिर पायांसाठी वापरात आलेली, सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची एमसीआर चप्पल मधुमेहाच्या पायालाही तितकीच उपयोगी पडते, मात्र तिलाही टाचेमागे पट्टा हवा. अंगठ्याजवळ पट्टी असलेली स्लीपर किंवा अंगठा असलेली कोल्हापुरी बधिर पायातून निसटली तरी कळत नाही, आणि ती धरून ठेवण्यासाठी बोटे सतत आखडलेली राहतात. कोल्हापुरीविषयी मला मनापासून प्रेम आहे, पण ते संवेदना शाबूत असलेल्या पायांपुरते. चिकटपट्टीच्या सँडलला "पेशंटची चप्पल" म्हणून नाके मुरडणारे लोक भेटतात. त्यांनी ती खुशाल धोतरावर घालावी, कोणी पाहत नाही.

बसमध्ये पादत्राणे काढून पाय मोकळे करण्याची आपली सवय मधुमेहींनी सोडावी. इंजिनाजवळची जमीन इतकी तापते की बधिर तळव्याला फोड येतो आणि तो मुक्कामी पोहोचल्यावर दिसतो. देवळाच्या तापलेल्या फरशीचेही तसेच आहे. दुपारचे दर्शन टाळावे आणि जाणेच झाले तर जाड मोजे घालून सावलीतून जावे. पाय मोकळे करायचे असतील तर पट्टा सैल करून, सँडल पायातच ठेवून, घोटे वर-खाली हलवावेत आणि गाडी थांबेल तेथे उतरून चार पावले चालावे.

आता मोजे. मोजा पांढरा किंवा फिका असावा, त्याचे कारण माईंनी दाखवून दिलेच आहे. बोटांवरून जाणारी जाड शिवण नको; असेल तर मोजा उलटा घालावा, म्हणजे शिवण बाहेर राहते. वरचे इलॅस्टिक पोटरीवर खोल वळ उमटवत असेल तर तो मोजा बाद करावा. निव्वळ सुती मोजा घाम शोषतो खरा, पण ओलाच राहतो आणि ओली कातडी लवकर सोलली जाते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून घाम बाहेर टाकणाऱ्या मिश्र धाग्याचा मोजा चांगला. सुतीच हवा असेल तर जादा जोड पिशवीत ठेवून दुपारी बदलावा आणि बदलताना बेचके कोरडे करावेत. सुजेसाठी मिळणारे दाब देणारे मोजे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मधुमेहात पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात आणि अशा पायाला बाहेरून दाब दिला तर उरलासुरला रक्तपुरवठाही अडतो. घोट्याजवळचा रक्तदाब मोजून डॉक्टरांनी सांगितले तरच ते घालावेत.

आणि दर वेळी, दर थांब्यावर: आधी हात, मग पाय. पादत्राणात हात फिरवून खडा, शिवण, चुरगळलेला तळ काही आहे का ते पाहावे. आधी हात, मग पाय.

प्रवासाची सूज रात्री पाय उंच ठेवून झोपल्यावर बहुधा उतरते. सकाळीही दोन्ही पाय सुजलेलेच राहिले, तर हृदय किंवा मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो. अम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनेही घोटे सुजतात, पण ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. सूज एकाच पायाला असेल तर थांबू नये. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते; त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठावे. एकच पाऊल लाल, सुजलेले आणि हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, तर ते दुखत नसले आणि जखम दिसत नसली तरी आतली हाडे ठिसूळ होऊन खचत असण्याची शक्यता असते. अशा पावलावर चालणे त्याच क्षणी थांबवावे, लग्न अर्धे राहिले तरी चालेल, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

नमस्कार.