दोन ऑफर लेटर, एक तक्ता

माझी भाची गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, पुण्यातल्या दोन कंपन्यांची पत्रं घेऊन माझ्याकडे आली. तीन वर्षांचा अनुभव होता, दोन्हीकडे काम जवळपास तेच. म्हणाली, "मावशी, पहिली नऊ साठ देतेय, दुसरी आठ सत्तर. नव्वद हजारांचा फरक आहे. मी पहिलीला हो म्हणू ना?" मी वीस वर्षं पगारपत्रकं केली आहेत. तिला म्हटलं, आज हो म्हणू नकोस, आधी कागद घे. आज तुमच्यापुढे तोच कागद मांडणार आहे. आकडे तिच्या पत्रांतलेच आहेत, कंपन्यांची नावं मात्र सांगणार नाही.

तिने आधी स्वतःच एक तक्ता केला होता. पहिल्या पत्रातली शीर्षकं जशीच्या तशी डावीकडे लिहिली होती आणि दुसऱ्या पत्रातले आकडे त्यांच्यासमोर बसवले होते. इथेच बहुतेक जण चुकतात. पत्रातली शीर्षकं कंपनीच्या सोयीने पाडलेली असतात. एकीचा 'स्पेशल अलाउन्स' दुसरीकडे 'फ्लेक्सी पे' होतो आणि त्या दोन रकमा शेजारी ठेवून काहीही कळत नाही. म्हणून डावीकडच्या रांगांत पत्रातले शब्द लिहायचे नाहीत, आपले प्रश्न लिहायचे. दर महिन्याला खात्यात किती येणार? कशाची हमी आहे, कशाची नाही? नोकरी सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं? त्यांना मला काढायचं असेल तर किती दिवस आधी सांगावं लागेल? आणि दोन कंपन्यांच्या रकान्यांशेजारी प्रत्येकी एक अरुंद रकाना, त्यात पान आणि कलम क्रमांक. उत्तर पत्रात कुठे आहे ते दाखवता आलं नाही, तर ते उत्तर आपल्या मनातलं आहे असं धरायचं.

आता पगार. सीटीसी म्हणजे कंपनीला आपण वर्षाला केवढ्याला पडतो ती रक्कम. ती पिशवी आहे, आणि प्रत्येक कंपनी त्या पिशवीत वेगळ्या वस्तू घालते. म्हणून पत्राच्या शेवटी जोडलेलं अ‍ॅनेक्शर उघडायचं आणि पिशवी रिकामी करायची.

पहिल्या पत्रात ९,६०,००० होते. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा, हमी नसलेला भाग, १,२०,०००. जॉइनिंग बोनस ५०,०००, तोही 'पहिल्या वर्षाचा सीटीसी' म्हणून आतच धरलेला. बेसिक ३,८४,००० होतं, त्याच्या १२ टक्के म्हणजे ४६,०८० हा कंपनीच्या वाट्याचा पीएफ. ग्रॅच्युइटी १८,४७०. मेडिक्लेमचा हप्ता १२,०००. हे सगळं वजा केलं की उरतात ७,१३,४५०, महिन्याला ५९,४५४. यातून तिच्या वाट्याचा पीएफ ३,८४० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ५५,४१४. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, तेवढा फरक सोडून देऊ. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी पगारदाराच्या पावणेतेरा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे दोन्हीकडे प्राप्तिकराची रांग लागलीच नाही.

दुसऱ्या पत्राची पिशवी हलकी होती, पण तिच्यात भरताड कमी. ८,७०,००० मध्ये व्हेरिएबल फक्त ३०,०००. पीएफ या कंपनीने १५,००० च्या वेतनमर्यादेवर धरला होता, म्हणजे महिन्याला १,८००, वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम सीटीसीच्या बाहेर. उरले ८,१८,४००, महिन्याला ६८,२००. पीएफ आणि व्यवसाय कर जाऊन हातात ६६,२००.

म्हणजे 'कमी' पगाराच्या नोकरीत दरमहा १०,७८६ रुपये जास्त. भाचीचा चेहरा एकदम उजळला आणि ती लगेच दुसरीला हो म्हणायला निघाली. तेही घाईचंच झालं असतं. कारण पहिल्या कंपनीत पीएफ खात्यात महिन्याला दोघांचे मिळून ७,६८० जमा होणार होते, दुसरीत ३,६००. ते ४,०८० तिचेच आहेत, फक्त हातात नाहीत. ते धरल्यावर खरा फरक ६,७०६ राहतो, वर्षाला सुमारे ८०,५००. 'हातात' आणि 'पीएफमध्ये' या दोन वेगळ्या रांगा ठेवायच्या, आणि तिसरी रांग त्यांच्या बेरजेची.

मग राहतं व्हेरिएबल, आणि निर्णय बहुधा तिथेच अडतो. पहिलीत ते ९०,००० ने जास्त आहे. दोन्ही कंपन्यांनी ते पूर्ण दिलं तर दुसऱ्या वर्षापासून पहिली कंपनी वर्षाला साडेनऊ हजारांनी पुढे जाते. दोघींनी सारख्याच टक्क्यांनी दिलं असं धरलं, तर साधारण ८९ टक्क्यांवर बरोबरी होते. त्याखाली गेलं की दुसरी पुढे. पहिल्या वर्षी मात्र ५०,००० बोनसमुळे हीच बरोबरी ३४ टक्क्यांवर येते. म्हणून भाचीला विचारायचा प्रश्न 'व्हेरिएबल किती' हा नव्हता. प्रश्न होता: गेल्या दोन वर्षांत या पातळीच्या लोकांना प्रत्यक्षात किती टक्के मिळालं, वर्षाच्या मध्यात आलेल्याला महिन्यांच्या हिशेबाने मिळतं का, आणि देण्याच्या तारखेला नोटिसवर असलेल्याला मिळतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच ठिकाणी 'नाही' असतं.

ग्रॅच्युइटीबद्दल थोडं थांबते, कारण लोक ती दर महिन्याच्या मिळकतीत मोजतात. वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. म्हणून अ‍ॅनेक्शरमध्ये बेसिकच्या ४.८१ टक्के हा आकडा दिसतो. पण कायम नोकरीत ती साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावरच हातात येते. तीन वर्षांत नोकरी बदलणार असाल तर सीटीसीतले ते १८,४७० तुमच्यासाठी शून्य आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे, भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. आज तुमच्या हातात पत्र असेल तर ग्रॅच्युइटी कोणत्या रकमेवर धरली आहे ते विचारा, भाचीचा आकडा तुमच्याकडे उतरवू नका.

मेडिक्लेमची रांग रकमेवर थांबवू नये. पहिलीत विमा तीन लाखांचा, पती किंवा पत्नी आणि मुलांसाठी. दुसरीत पाच लाखांचा, आणि आईवडिलांना स्वतःचा हप्ता भरून घेता येतं. भाचीच्या वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे तिच्या तक्त्यात ही रांग वर सरकली. तुमच्या तक्त्यात ती तळाला असेल.

आता नोटिस आणि प्रोबेशन. दोन्ही पत्रांत या गोष्टी चार वेगवेगळ्या कलमांत विखुरलेल्या होत्या. 'नोटिस पिरियड: ९० दिवस, ६० दिवस' एवढी एक रांग करून भागत नाही. तिच्या चार रांगा कराव्या लागतात, कारण प्रोबेशनमधली नोटिस आणि कन्फर्म झाल्यानंतरची नोटिस वेगळी असते, आणि तुमची आणि कंपनीचीही वेगळी असू शकते. भाचीचा शेवटी असा तक्ता झाला:

| प्रश्न | पहिली | दुसरी |
|---|---|---|
| दरमहा हातात | ५५,४१४ | ६६,२०० |
| दरमहा पीएफ, दोघांचा मिळून | ७,६८० | ३,६०० |
| वर्षाचं व्हेरिएबल, हमी नाही | १,२०,००० | ३०,००० |
| जॉइनिंग बोनस | ५०,०००, १२ महिन्यांत सोडल्यास परत | नाही |
| प्रोबेशन | ६ महिने, वाढवता येतं | ३ महिने, एकदाच वाढ |
| कन्फर्म कसं होणार | लेखी पत्रानेच | पत्रात नाही |
| प्रोबेशनमध्ये मी सोडलं तर | पत्रात नाही | १५ दिवस |
| प्रोबेशनमध्ये त्यांनी काढलं तर | १५ दिवस | १५ दिवस |
| नंतर मी सोडलं तर | ९० दिवस | ६० दिवस |
| नंतर त्यांनी काढलं तर | ३० दिवस | ६० दिवस |
| नोटिसऐवजी पैसे | कंपनीच्या संमतीने | दोघांनाही मुभा, ग्रॉसवर |

रिकामी जागा दिसली की हात आपोआप '०' किंवा '–' लिहितो. तसं करू नका, 'पत्रात नाही' असंच लिहा. सहा महिने प्रोबेशन आणि तेव्हाच्या तुमच्या नोटिसबद्दल पत्र गप्प असेल, तर राजीनामा देताना कंपनी सर्वसाधारण कलमातले ९० दिवस दाखवू शकते. त्यांनी काढायचं तर १५, तुम्ही सोडायचं तर ९०. पत्र वाचताना हे दिसत नाही, रांग केल्यावर दिसतं.

प्रोबेशन 'वाढवता येतं' याचाही अर्थ तपासा. किती वेळा, किती काळ? पत्रात 'लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत' असं असेल तर सहा महिने उलटले म्हणून तुम्ही आपोआप कायम होत नाही. वाढीव सुट्ट्या, पगारवाढ किंवा कर्जाची सोय कन्फर्मेशनला बांधलेली असेल, तर ती तारीख लांबणं म्हणजे पैशाचं नुकसान.

तक्त्यातली शेवटची रांग मी भाचीकडून रुपयांत करून घेतली. समजा पुढे तिला ९० ऐवजी ३० दिवसांत निघायचं झालं. पहिल्या पत्रात ६० दिवसांचं 'वेतन' भरावं लागेल असं होतं. कोणतं वेतन? बेसिकवर धरलं तर ६४,०००, ग्रॉसवर, म्हणजे कपातीआधीच्या महिन्याच्या ५९,४५४ वर धरलं तर १,१८,९०८. एका शब्दात जवळपास पंचावन्न हजारांचा फरक. आणि 'कंपनीच्या संमतीने' म्हणजे पैसे मोजूनही कंपनी सोडेलच असं नाही. न थांबता गेलात तर रिलीव्हिंग लेटर अडतं, आणि पुढची कंपनी पहिल्या दिवशी तेच मागते.

तिने दोन्हीकडच्या एचआरला एकेक छोटी ईमेल लिहिली, फक्त 'पत्रात नाही' आणि 'वेतन' या जागांबद्दल, कलम क्रमांक घालून. फोनवर विचारू नको म्हणून मी बजावलं होतं, कारण फोनवरचं 'तसं काही आम्ही करत नाही हो' तक्त्यात चिकटवता येत नाही. दुसरीचं उत्तर त्याच दिवशी आलं: प्रोबेशन संपल्यावर सात दिवसांत लेखी पत्र मिळेल. पहिलीचं चार दिवसांनी आलं: प्रोबेशनमध्येही कर्मचाऱ्याची नोटिस ९० दिवसच, आणि वेतन म्हणजे ग्रॉस. भाचीने दोन्ही उत्तरं तारखेसह त्या त्या चौकटीत टाकली, पहिल्या कंपनीला आभाराचं पत्र पाठवलं, आणि दुसरीच्या पत्रावर सही करण्याआधी ती ईमेल छापून त्याच्यामागे टाचली.