बोलकी संहिता, पण चौदा दिवस चौदाच

रेडिओसाठी लिहिणाऱ्या तुम्हा मंडळींसमोर आज एकच उतारा घेऊन आलो आहे. लहान मुलांच्या जुलाबाबद्दलचा, आरोग्य खात्याच्या पत्रकात शोभेल असा:

‘एक लिटर क्षमतेचे ओआरएसचे संपूर्ण पाकीट एक लिटर पिण्यायोग्य पाण्यात विरघळवावे. द्रावण २४ तासांच्या आत वापरावे, उर्वरित टाकून द्यावे. सहा महिन्यांवरील बालकास २० मिलिग्रॅम झिंकची गोळी दररोज एक याप्रमाणे, जुलाब थांबले तरीही, एकूण १४ दिवस द्यावी.’

हे माइकवर जसंच्या तसं वाचलं, तर ऐकणाऱ्या आईला ते परकं वाटतं. म्हणून मी पूर्वी ते असं बोलकं केलं होतं: ‘पाकीट चार-पाच पेले पाण्यात घाला, दिवसभर पाजा. जुलाब थांबल्यावरही पंधरा दिवस गोळी द्या.’ कानाला किती गोड! पण चुका मोजा.

पेला प्रत्येक घरात वेगळा. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, आणि तेच बाळाला घातक ठरतं. ‘दिवसभर’ म्हटलं की संध्याकाळी केलेलं पाणी रात्री ओतून द्यायचं, की उद्या संध्याकाळपर्यंत ठेवायचं? आपण सहज ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा मनात सात असतात, आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो. गप्पांत ते चालतं, औषधात नाही. सगळ्यात मोठी चूक मात्र शब्दांच्या जागेची आहे. ‘थांबल्यावरही पंधरा दिवस’ म्हटल्यावर मोजणी जुलाब थांबल्यापासून सुरू होते. मूळ मजकुरात ती पहिल्या गोळीपासून आहे.

म्हणून आता मी लिहिण्याआधी मूळ कागदावर आकडे, अटी आणि ‘संपूर्ण’, ‘एकूण’ असे शब्द अधोरेखित करतो. त्यांना हात लावत नाही. बदलायचं ते क्रियापद, वाक्याची लांबी आणि कोणाशी बोलतोय ते. मग असं होतं:

‘ताई, पाकिटावर एक लिटर लिहिलंय ना, ते बघा. लिटरची बाटली भरून पिण्याचं पाणी घ्या, पातेल्यात ओता आणि पाकीट सगळंच्या सगळं घाला. आज संध्याकाळी सहाला केलंत, तर उद्या संध्याकाळी सहाच्या आत संपवा. उरलं तर ओतून द्या. बाळ सहा महिन्यांच्या वरचं असेल, तर वीस मिलिग्रॅमची झिंकची गोळी रोज एक. पहिली दिली त्या दिवसापासून चौदा दिवस. मधेच जुलाब थांबले, तरी गोळी चालूच ठेवायची.’

मजकूर थोडा लांबला, लांबू द्या. बोलण्यात ‘एकूण’ हा एक शब्द ऐकताना निसटतो, म्हणून त्याच्या जागी अख्खं वाक्य आलं.

मग ज्यांनी मूळ कागद पाहिलेला नाही अशा कुणाला तरी एकदाच वाचून दाखवायचं आणि विचारायचं, ‘सोमवारी पहिली गोळी दिली, गुरुवारी जुलाब थांबले, तर शेवटची गोळी कधी?’ पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, असं उत्तर आलं तरच रेकॉर्डिंगला बसायचं.