आजोबांना लिहिलेले माफीचे पत्र

(बेळगाव येथे पालक व शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलांच्या माफीपत्रात नेमके काय असावे, हा आजचा विषय आहे. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे आणि ते सविस्तर सांगणार आहे. संबंधित कुटुंबाने त्याला परवानगी दिली आहे.

नववीत शिकणारा एक मुलगा यात्रेनिमित्त आई-वडिलांबरोबर खानापूर तालुक्यातील आजोळी गेला होता. आपल्याकडे गावची लक्ष्मीयात्रा म्हणजे घर पाहुण्यांनी भरलेले असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. पंगत बसली होती आणि आजोबा १७ जानेवारी १९५६ च्या बेळगावातील गोळीबाराची हकीकत सांगत होते. तेव्हा ते लहान होते आणि ती बातमी गावात कशी आली, हे त्यांना आजही लख्ख आठवते. नातू एकदम म्हणाला, ‘‘तेच ते किती वेळा सांगणार? तुमच्या लढ्याने काय मिळाले? शेताचा उतारा अजून कन्नडमध्येच येतो आणि तो वाचून दाखवायला मीच लागतो.’’ आजोबा काही न बोलता ताटावरून उठले.

या बोलण्यात दोन घाव होते. पहिला त्यांच्या आठवणींवर होता. दुसरा अधिक खोल होता, कारण आपल्याच जमिनीचा कागद आपल्याला वाचता येत नाही, ही त्या माणसाची खासगी अडचण नातवाने पाहुण्यांसमोर उघडी केली होती. सीमाभागातील कितीतरी घरांत आजोबांना फक्त मराठी वाचता येते आणि नातवाला शाळेमुळे कन्नड येते. त्या घरांत ही अडचण रोजची असते आणि म्हणूनच ती चारचौघांत बोलायची नसते.

घरी परतल्यावर मुलाने पत्र लिहिले. ते असे होते: ‘‘माझ्या बोलण्याने तुम्हाला वाईट वाटले असल्यास माफ करा. परीक्षेचा ताण होता, त्यामुळे तोंडातून निघून गेले. पण तुम्हीही तीच गोष्ट पुन्हा सांगत होता.’’ आईने शुद्धलेखन तपासले होते, मायनाही पाठ्यपुस्तकातल्यासारखा अचूक होता. तरीही ते पाठवू नये, असे मी सुचवले. ‘‘वाईट वाटले असल्यास’’ या शब्दांत घडलेली गोष्टच शंकास्पद ठरते. आजोबा जेवण टाकून उठल्यावर शंका कसली? पुढे ‘‘पण’’ आला आणि अर्धा दोष आजोबांच्या पदरात पडला. काय बोललो, याचा तर पत्रात उल्लेखच नव्हता.

दुसरे पत्र त्याने स्वतःच्या मोडक्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिले आणि आईने त्याला हात लावला नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण सुधारलेल्या पत्रात आजोबांना मुलीचा आवाज ऐकू येतो, नातवाचा नाही. त्याने लिहिले: ‘‘तुमच्या लढ्याने काय मिळाले, असे मी सगळ्यांसमोर म्हणालो. तुम्हाला उतारा वाचता येत नाही, हेही बोललो. ते लागेल हे मला माहीत होते, म्हणूनच मी ते बोललो. चूक माझी आहे. पुढच्या रविवारी येऊन मी पूर्ण उतारा मराठीत लिहून देतो: सर्वे नंबर, क्षेत्र, नावे, बोजा, सगळे. मामांनाही फोन करून माझे चुकले, असे सांगितले आहे.’’

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीच्या सहा घटकांची तुलना केली. जबाबदारी स्वीकारणे सर्वांत परिणामकारक ठरले, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी, आणि क्षमेची याचना सर्वांत कमी उपयोगाची ठरली. तो अभ्यास मोठ्यांच्या व्यवहारासंबंधी होता, आजोबा-नातवांचा नव्हता. पण आपण मुलांना नेमकी ती याचनाच आधी शिकवतो, हे त्यावरून माझ्या लक्षात आले.

भरपाई मात्र घाव झाला तिथेच व्हावी. अपमान पंगतीत झाला असेल, तर पंगतीतल्यांनाही कळवावे लागते. उताऱ्यावरून बोलला असेल, तर उताऱ्याचेच काम करून द्यावे लागते.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो: मुलाला सीमालढ्याबद्दल खरोखरच वेगळे वाटत असेल, तर त्याने मतही मागे घ्यावे का? मुळीच नाही. आजोबांशी त्याने जरूर वाद घालावा, पण या पत्रात नाही. माफी बोलण्याच्या रीतीची आणि जागेची आहे. मत दडपून लिहिलेले पत्र आजोबांना लगेच कळते.

आणि पत्र टाकल्यावर ‘‘मिळाले का?’’ म्हणून फोन करू नये. त्या आजोबांनी पत्राचे नावही काढले नाही. रविवारी कोणत्या बसने येणार, एवढेच त्यांनी फोनवर विचारले. नातू गेला, तेव्हा उताऱ्याबरोबर पाणीपट्टीच्या जुन्या पावत्याही त्यांनी वाचायला काढून ठेवल्या होत्या.