हँडओव्हरच्या मेलमध्ये 'इन प्रोग्रेस' लिहू नका

नोकरी सोडून जाताना आपण काय करतो, कामांची यादी टाकतो, प्रत्येकापुढे 'इन प्रोग्रेस' लिहितो आणि मोकळे होतो. मी पण हेच केलंय. व्हेंडर पेमेंटचं काम सोडताना मी लिहिलं होतं, 'तीन बिलं पेंडिंग, फॉलोअप चालू'. माझ्या जागी आलेल्या मुलीला त्यातून काय कळणार होतं, कप्पाळ? बिल अडलंय कुणाकडे, आपल्या अप्रूव्हलला की व्हेंडरकडे, तेच त्यात नाही. आता मी असं लिहितो: 'दुसऱ्या बिलावर पीओ नंबर चुकलाय, १२ तारखेला सुधारित बिल मागितलंय, १८ पर्यंत आलं नाही तर फोन करा, ते मेल बघत नाहीत.' म्हणजे चेंडू कुणाच्या कोर्टात आहे, पुढचं पाऊल काय आणि कधी, एवढं एका ओळीत.

कॉन्टॅक्टचंही तसंच, नाव-नंबर कुठेही मिळतो हो, पण सही कुणाची लागते आणि काम प्रत्यक्षात कोण करतं ही दोन वेगळी माणसं असतात, ते लिहा.

खरी मजा खाचखळग्यांमध्ये आहे, कारण ते आपल्या हाताला इतके सवयीचे झालेले असतात की लिहायचं सुचतच नाही. आमच्याकडे दर महिन्याला बिलांची सीएसव्ही फाइल यायची. त्यात काही बिल नंबर 00417 असे असायचे. फाइलवर डबल-क्लिक केलं की एक्सेल त्याला आकडा समजतं आणि पुढची शून्यं खातं, उरतं 417. तशीच सेव्ह केली तर शून्यं कायमची गेली. मी कायम Data मधून From Text/CSV नेच उघडायचो, तिथे Data Type Detection ला 'Do not detect data types' निवडलं की नंबर जसाच्या तसा राहतो. हे मी लिहिलंच नव्हतं! पहिल्याच महिन्यात ६२ पैकी ९ बिलं जुळेनात, आणि बिचारी दोन दिवस व्हेंडरशी भांडत बसली. नऊच का, तर शून्याने सुरू होणारे नंबर तेवढेच होते. म्हणून नुसता खड्डा लिहून भागत नाही, त्यात पडलोय हे कसं ओळखायचं तेही लिहा: 'न जुळणारे सगळे नंबर लहान दिसले तर आधी शून्यं तपासा, मग फोन करा.'

पुढच्या नोकरीतून निघताना मी शहाणा झालो होतो. मेल आठवडाभर आधी पाठवला, म्हणजे माझं अकाउंट बंद व्हायच्या आत शंका विचारता येतील, आणि नवीन माणसाला म्हटलं, तू कर, मी फक्त बघतो. दुसऱ्याच मिनिटाला त्याने तिथल्या सीएसव्ही फाइलवर डबल-क्लिक केलं. मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पण आठव्या मुद्द्यात. मग ती ओळ उचलून सगळ्यात वर नेली, आणि फोल्डरचं नावच ठेवलं, 'डबल-क्लिक करू नये'.