सकाळी अकराची भूक

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकामाच्या मागांवर जाणारी कितीतरी माणसं सकाळी चहासोबत खारी नाहीतर वाटीभर चिरमुरे खाऊन निघतात. अकरा वाजायच्या आत त्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागतात. खाल्लेलं गेलं कुठं?

50 ग्रॅम चिरमुरे आणि 50 ग्रॅम कोरडी मटकी घ्या. दोन्हींतून मिळणारी ऊर्जा जवळपास सारखीच. पण चिरमुऱ्यांत प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आसपास, मटकीत अकरा-बारा. चोथा चिरमुऱ्यांत नावाला, मटकीत भरपूर. शिवाय भिजून मोड आल्यावर मटकीचं वजन दुपटीच्या वर जातं, म्हणजे पोटात जागाही ती जास्त घेते.

चिरमुऱ्यातला स्टार्च भट्टीतच फुलून मोकळा झालेला असतो. लाळेतले पाचकरस त्यावर लगेच तुटून पडतात, जठर लवकर रिकामं होतं आणि रक्तातली साखर झरकन चढते. तिला आवरायला इन्सुलिन येतं. मग दोन-तीन तासांत काहींची साखर खाण्याआधीच्या पातळीच्याही खाली घसरते, आणि अशा माणसाला भूक लवकर लागते.

मटकीचं तसं नाही. तिचा स्टार्च पेशींच्या भिंतींत कोंडलेला असतो. शिजवल्यावरही त्यातल्या पुष्कळ भिंती शाबूत राहतात, म्हणून साखर हळूहळू सुटते. प्रथिनं आतड्यात पोचली की तिथून ‘आता पुरे’ असं मेंदूला सांगणारी संप्रेरकं सुटतात, आणि तीच जठराचा वेगही कमी करतात.

सिडनी विद्यापीठात 1995 साली 38 पदार्थ सारख्याच उष्मांकांचे देऊन दोन तास भूक मोजली होती. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर मसुरीला 133 मिळाले आणि क्रॉसाँला फक्त 47. क्रॉसाँ म्हणजे मैदा नि लोण्याचे पापुद्रे, आपल्या खारीचं भावंडच. मात्र सगळ्यात वर आला उकडलेला बटाटा, 323 गुणांनी! तोही स्टार्चचाच, पण पाण्यानं भरलेला आणि जड. त्यामुळे सगळा दोष स्टार्चवर टाकू नका. मैद्यात दळून, चाळून, कोरडं करून त्याचं जे होतं, ते खरं दुखणं.

चिरमुरे सोडवत नसतील तर निम्मे करा आणि त्यात मूठभर फुटाणे, थोडे शेंगदाणे घाला. जमलं तर मोडाच्या मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी. पीठ चाळून कोंडा टाकू नका.

कडधान्यांची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात गॅस होतो. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नीट शिजवा आणि सुरुवात अर्ध्या वाटीनं करा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी, आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी न्याहारी बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं.