१९३९चा रुपया आणि मोबाईलमधला फोटो

सहाव्या जॉर्जचा १९३९चा चांदीचा रुपया. नाणी जमवणाऱ्या कुणासमोरही याचं नाव काढा, माणूस सरसावून बसणार. १९३८च्या आणि १९३९च्या रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी होती, १९४० पासून ती निम्म्यावर आली, आणि त्यात १९३९चा रुपया हाताला लागणंच मुश्किल. मग काय, भाव चढला आणि भाव चढला म्हटल्यावर कारागीरही कामाला लागले.

आपण आहोत सोलापुरात, एका जुन्या संग्राहकाच्या घरी. नाव नको म्हणाले, सगळे त्यांना मामा म्हणतात, आपणही तेच म्हणू. समोर बसलेल्या पोराला व्हॉट्सॲपवर या रुपयाचे फोटो आलेत, दोन्ही बाजूंचे, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेले, साल एकदम ठळक.

"मामा, घेऊ का ओ? किती क्लिअर फोटो आहे बघा की."

"क्लिअर आहे रे, पण कड कुठाय?"

हा प्रश्न साधा वाटतो पण अर्धा निकाल तिथंच लागतो. १९३८-३९च्या रुपयाच्या कडेला नुसते उभे दाते असतात. १९४० पासूनच्या रुपयाला चांदी कमी केल्यावर नकली नाणी रोखायला सिक्युरिटी एज दिली, म्हणजे दात्यांच्या मधोमध गोल फिरणारी एक खाच. आता १९४०-४५चा कुठलाही स्वस्त रुपया घेऊन त्याचं साल कोरून १९३९ केलं तर समोरून काढलेल्या फोटोत खाच दिसणारच नाही.

दुसरी गोष्ट छापाची. फोटोत राजाच्या कानावरचे केस सपाट दिसतात, विकणारा म्हणतो वीक स्ट्राइक आहे, नाणं वापरलेलंच नाही. असं होतं खरं, डायचा, म्हणजे नाणं पाडायच्या ठशाचा, दाब कमी पडला की धातू डायच्या खोल भागात पूर्ण चढत नाही आणि तपशील जन्मापासूनच पुसट राहतो. पण हातोहात फिरून झिजलेलं नाणंही फोटोत अगदी तस्संच दिसतं! फरक कळतो तो नाणं हातात घेऊन एकाच बल्बखाली हळूहळू फिरवल्यावर. न वापरलेल्या नाण्यावर चमकेचा पट्टा नाण्याबरोबर सरकत जातो आणि त्या सपाट जागेवरूनही जातो, झिजलेल्या नाण्यावर मात्र नेमका उंच भागावर येऊन मरतो, तिथला रंगही वेगळा, मळकट राखाडी. एका फोटोत बल्ब एकाच जागी असतो, त्यामुळे हे हलणं त्यात येतच नाही. आणि विकणारा हुशार असेल तर झीज दिसणार नाही असाच कोन धरतो, ते वेगळं.

शेवटी पोरानं नाणं मागवलं, आवडलं नाही तर परत या बोलीवर. कड बघितली तर खाच नाही, सरळ दाते! पोरगं खूश. पण मामांचं समाधान नाही, कारण खाच घासून त्यावर नवे दाते पाडणारेही आहेत म्हणे. त्यांनी सराफांचा वजनकाटा काढला. नाणं भरलं ११.६० ग्रॅम, नवं असताना ११.६६ असतं, म्हणजे वजनात काहीच शंका नाही (१९४०-४५च्या रुपयाचंही वजन तेवढंच होतं, म्हणून नुसत्या वजनाचा इथं उपयोग शून्य). मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य केला आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरलं. काट्यावर जो आकडा येतो ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ११.६०ला त्यानं भागलं की घनता मिळते. जास्त चांदीच्या नाण्याला काट्यावर १.१२-१.१३ यायला हवं, म्हणजे घनता १०.३च्या आसपास, आणि निम्म्या चांदीच्याला १.२२, म्हणजे साडेनऊ. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा उगाच वाढतो, म्हणून मामांनी दोरा दोनदा झटकला.

आकडा आला १.१३.

म्हणजे धातू बरोबर. तरीही मामा हो म्हणेनात, कारण १९३८चा रुपया! धातू तोच, कड तीच, वजन तेच, बदलायचा फक्त शेवटचा ८. तिथं पाणी काही सांगू शकत नाही. मग दहापट भिंग, आणि टॉर्च समोरून नाही तर बाजूनं, जवळजवळ आडवा धरलेला. तसा प्रकाश टाकल्यावर ९च्या खालच्या डाव्या बाजूला इवलीशी खोलगट जागा दिसली, आत बारीक समांतर ओरखडे, आणि आजूबाजूच्या सपाट भागाची चमक नेमकी तिथंच तुटलेली. ८चा खालचा गोल डावीकडून खरवडून उघडा केला होता.

फोटो परत बघितला. ती जागा बल्बच्या चकाकीत पांढरीफटक झाली होती.

नोटांचंही असंच, फक्त तिथं गुन्हेगार इस्त्री. घडी पडलेली जुनी नोट धुऊन दाबली की स्कॅनमध्ये कोरी करकरीत दिसते, कारण स्कॅनरमध्ये नोट काचेवर दाबली जाते आणि उजेड समोरून पडतो. तीच नोट टॉर्चसमोर तिरकी धरली की मोडलेल्या तंतूंची रेघ उमटते, बोटाला कागद मऊ लागतो.

पोरानं रुपया परत पाठवला. विकणाऱ्याचा रिप्लाय आला, "फोटोत तर बरोबर दिसत होतं ना भाऊ?"